चुकलेला ठोका आणि मोडलेला ठेका

छातीत ठोका चुकल्यासारखं वाटलं की हृदय क्षणभर बंद पडलं, अशी बहुतेकांची समजूत होते. प्रत्यक्षात तो ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी येऊन गेलेला असतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, सायनस नोड. कीथ आणि फ्लॅक या दोघांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. मिनिटाला साठ ते शंभर वेळा तिथून विजेची सूक्ष्म लाट निघते. ती आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मधल्या एका गाठीपाशी निमिषभर रेंगाळते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरते. रक्त शरीरभर ढकलायचं खरं काम हे खालचे कप्पे करतात. पण लाट काढायची ताकद एकट्या सायनस नोडकडे नसते. हृदयातल्या इतर पेशींनाही ती थोडीफार असते. एखादी पेशी मधेच स्वतःहून लाट सोडते आणि एक ठोका वेळेआधी पडतो. त्या वेळी हृदय पुरतं भरलेलंच नसतं. त्यामुळे त्या ठोक्यात रक्त फारसं पुढे जात नाही, आणि पुष्कळदा तो मनगटाच्या नाडीवर पोचतही नाही. मग थोडी विश्रांती पडते. त्या लांबलेल्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवतो तो हा जोराचा ठोका आणि त्याच्या आधीची पोकळी. कुणी म्हणतं ‘धस्स झालं’, कुणी म्हणतं ‘काळीज लक्कन हललं’, कुणाला घशाशी काहीतरी उसळल्यासारखं वाटतं आणि खोकला येतो.

हा जादा ठोका खालच्या कप्प्यातून निघाला तर डॉक्टर त्याला व्हीपीसी म्हणतात, वरच्या कप्प्यातून निघाला तर एपीसी. दिवसाला आपलं हृदय लाखभर वेळा धडकतं. धडधाकट माणसांना चोवीस तास यंत्र लावून पाहिलं तर त्यांतल्या बहुतेकांत असे काही ठोके सापडतात. त्यांना त्यांचा पत्ताही नसतो.

दवाखान्यात वर्षानुवर्षं पाहत आलोय ती गंमत अशी की, ज्याला फार जाणवतं त्याला बहुधा काही झालेलं नसतं, आणि ज्याला काहीच जाणवत नाही त्याच्या नाडीत कधी कधी पक्षाघाताची तयारी चाललेली असते. दोन्ही प्रकार एकदा एकाच घरातून, एकाच सकाळी माझ्यापुढे आले. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बाई एक्केचाळीस वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. रात्री अंथरुणावर डाव्या कुशीवर वळल्या की छातीत ठोका जायचा. तीन आठवडे झोप नव्हती. “डॉक्टर, दोन-तीन ठोके नीट पडतात, मग एक जातोच बघा. पुढचा येईल की नाही याचीच वाट बघत पडून राहते.” सोबतीला सासरे आले होते, वय एकाहत्तर. त्यांची काही तक्रार नव्हती. सूनबाईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून आलेले.

आधी बाईंचं बघू. टेबलावर बोटांनी ठोके वाजवून दाखवा, असं मी अशा प्रत्येकाला सांगतो. त्यांनी वाजवलं: टक, टक, टक-टक, मग गप्प, मग एक जोराचा टक. पुन्हा सरळ लय. या दोन मिनिटांत निम्मं निदान होतं. मग चार प्रश्न. चक्कर येऊन कधी पडलात का? नाही. शाळेचे दोन जिने चढताना हे वाढतं का? नाही, उलट कामात असताना जाणवतच नाही. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का? नाही. छातीत दुखतं, दम लागतो? जिना चढताना थोडी धाप लागते, पण ती जुनीच.

रात्रीच का जाणवतं याला कारण आहे. पडल्यावर नाडी मंदावते, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं आणि जादा ठोक्याला मधे शिरायला जागा मिळते. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं. आजूबाजूला शांतता असते. त्यातून एकदा भीती बसली की अंगात ॲड्रेनलिन वाढतं, त्याने हे ठोके आणखी वाढतात. श्रम सुरू झाले की नाडी वेग घेते आणि साधे जादा ठोके बहुतेकदा आपोआप दबतात. श्रम करताना ते वाढत असतील तर मात्र मी सावध होतो.

बाईंचा ईसीजी काढला. तो अगदी सरळ आला. यावर त्यांचा चेहरा उजळला नाही, पडला. “म्हणजे मला भास होतात?” पुष्कळ घरांत हाच निष्कर्ष निघतो आणि पेशंट ‘टेन्शनवाली’ ठरते. पण ईसीजीची साधी पट्टी दहा सेकंदांची असते आणि दिवसात शहाऐंशी हजार चारशे सेकंद असतात. त्या दहा सेकंदांत जादा ठोका पडला नाही, एवढंच ती पट्टी सांगते.

तक्रार रोजची होती, म्हणून होल्टर लावला. छातीला चार-पाच इलेक्ट्रोड चिकटवतात आणि पट्ट्याला मोबाइलपेक्षा लहान डबी अडकवतात. चोवीस तास आंघोळ नाही. काही जाणवलं की डबीवरचं बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. ती वही यंत्राइतकीच महत्त्वाची असते. बाईंच्या होल्टरमध्ये एकूण एक लाख चार हजारांच्या आसपास ठोके भरले, त्यांत व्हीपीसी २,३४०. आकडा बघून घरात रडारड झाली. मी त्यांच्याकडून भागाकार करून घेतला. शंभरात सव्वादोन. सरासरी काढली तर सदतीस सेकंदांनी एक, म्हणजे दहा सेकंदांच्या पट्टीत तो न सापडणं अगदी स्वाभाविक. त्यातही निम्म्याहून जास्त ठोके रात्री आठ ते अकराच्या दरम्यान होते, आणि बाईंनी वहीत लिहिलेल्या वेळा त्यांच्याशी बरोबर जुळल्या. भास नव्हता.

सव्वादोन टक्के हा चिंतेचा आकडा नाही. शंभरात दहाच्या पुढे गेलं की आम्ही काळजीपूर्वक पाठपुरावा करतो, कारण व्हीपीसी फार झाले आणि वर्षानुवर्षं चालले तर काही जणांचं हृदय थकतं, त्याचं आकुंचन कमी पडायला लागतं. म्हणून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतात. रचना उत्तम, आकुंचन उत्तम आणि ठोके थोडे, अशा माणसाच्या आयुष्यावर या ठोक्यांनी फरक पडत नाही. बाईंचा इको नॉर्मल होता. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.६. जिन्यावरची ‘जुनी’ धाप आणि प्रत्येक ठोका जोरात आदळल्यासारखा वाटणं, यात त्या ॲनिमियाचा वाटा होता. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि पाळीतला रक्तस्राव स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवला. दोन-तीन महिन्यांत धडधड बरीच ओसरली. जादा ठोके पूर्ण गेले नाहीत, पण आता त्या झोपतात.

असे ठोके वाढवणाऱ्या गोष्टी आपल्या घरातच असतात: जागरण, ताप, तंबाखू आणि मिश्री, दारू, दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप जास्त वेळा ओढणं, जुलाबाने किंवा लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळीने पोटॅशियम उतरणं. ‘गॅस हृदयावर चढला’ हे निदान मी रोज ऐकतो. पोट तट्ट फुगल्यावर ठोके जास्त जाणवतात हे खरं, पण त्या वाक्याने पुढची तपासणी टळते म्हणून मला ते आवडत नाही. चहा-कॉफीवर मात्र उगाच आळ येतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शंभर माणसांना काही दिवस कॉफी प्यायला लावली आणि काही दिवस बंद केली. कॉफीच्या दिवशी वरच्या कप्प्यातले जादा ठोके फारसे वाढले नाहीत, खालच्या कप्प्यातले काहीसे वाढले, आणि झोप घटली. तेव्हा चहा सोडून बघावा, आठवड्याभरात फरक पडला नाही तर खुशाल परत सुरू करावा.

“मग हे ठोके बंद करायची गोळी द्या की,” असं बाईंचे यजमान फोनवर म्हणाले. अशी गोळी असते. पण तिची एक हकीकत आहे. १९८०च्या दशकात हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या रुग्णांत व्हीपीसी जास्त असले की मृत्यू जास्त होतात, हे दिसलं होतं. मग ते ठोके दाबले की मृत्यू टळतील, असा सरळ हिशोब डॉक्टरांनी मांडला. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके छान दाबायची. ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत ती खऱ्या गोळीच्या आणि खोट्या गोळीच्या गटांत तपासली गेली. १९९१च्या अहवालात खऱ्या गोळीच्या गटात ६३ मृत्यू होते आणि खोट्या गोळीच्या गटात २६. दोन्ही गट जवळपास सारखे, साडेसातशेच्या आसपास माणसं प्रत्येकी. पट्टी सुधारली आणि माणसं गेली. तेव्हापासून निरोगी हृदयातल्या जादा ठोक्यांवर शहाणा डॉक्टर पट्टीसाठी औषध देत नाही. त्रास फारच असेल तर बीटा ब्लॉकरसारखी सौम्य गोळी देतो. प्रमाण खूपच असेल तर ठोका निघतो ती जागा शोधून ती निकामी करण्याचा उपायही आहे.

आता सासरे.

ते खुर्चीत बसले होते म्हणून मी त्यांचंही बीपी बघितलं. घरी मुलाने आणलेलं बीपीचं मशीन ‘एक हृदयाचं चित्र लुकलुकवतं’ असं ते सांगत होते. सेल उतरले असतील म्हणून त्यांनी ते बदलूनही बघितले होते. मी नाडीवर बोटं ठेवली. ठोके होते, पण कुठले दोन सारख्या अंतरावर नव्हते. मनगटावर मिनिटाला ८८ लागले आणि त्याच वेळी स्टेथोस्कोपने छातीवर ११२. चोवीस ठोके हाताला पोचतच नव्हते.

“आबा, दम लागतो का?”

“वय झालं, जिना जड जातोच की. बाकी मला काय झालंय? हिचं बघा.”

तबल्याची थोडीफार ओळख असलेल्याला हा फरक पटकन कळेल. सूनबाईच्या छातीत ठेका चालू होता. मधेच एखादा बोल आगाऊ वाजायचा, पण पुढच्या समेवर सगळं जुळून यायचं. आबांच्या नाडीत सम नव्हतीच. मात्रा मोजायला सुरुवात कुठून करावी तेच कळत नव्हतं. ईसीजीने ते पक्कं केलं: एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलीत एएफ.

यात वरच्या कप्प्यांचा कारभार सायनस नोडकडे राहत नाही. तिथे मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे लाटा एकमेकींत गुरफटतात. कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. मधली गाठ त्यातल्या काहीच लाटा खाली सोडते, त्याही कशाही, म्हणून खालचे कप्पे अनियमित आणि बहुधा भरभर चालतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या हाइसागेर यांच्या गटाने १९९८ साली दाखवलं की एएफची ठिणगी पुष्कळदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडणाऱ्या जादा ठोक्यांतून उडते. म्हणजे वरच्या कप्प्यातले जादा ठोके आणि एएफ हे अगदीच परके नाहीत. तरुण, निरोगी माणसात चार-दोन एपीसींना काही अर्थ नसतो. साठी उलटलेल्या, बीपी असलेल्या माणसाच्या होल्टरमध्ये ते खूप दिसले तर मात्र मी त्याची नाडी पुढेही बघत राहतो.

एएफचा खरा धोका धडधडीत नाही, साकळण्यात आहे. थरथरणाऱ्या डाव्या वरच्या कप्प्याला एक पिशवीसारखा कोपरा असतो. तिथे रक्त रेंगाळतं आणि गुठळी धरते. ती सुटली की मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावात वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासात एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट दिसला. आणि ही गुठळी धडधड जाणवते की नाही याची वाट बघत नाही. आबांना काही जाणवत नव्हतं, म्हणून त्यांचा धोका कमी नव्हता.

धोका किती, हे ठरवायला डॉक्टर गुण मांडतात. हृदय कमजोर असेल तर एक, बीपी एक, मधुमेह एक, हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक आणि ७५ च्या पुढे दोन, आधी पक्षाघात झाला असेल तर दोन. आबांचं वय, बीपी, मधुमेह असे तीन झाले. औषध न घेता अशा शंभर माणसांत वर्षाला साधारण तिघांना पक्षाघात होऊ शकतो. दोन किंवा जास्त गुण असले की गुठळी रोखणारी गोळी द्यावी, असा आजचा संकेत आहे. तिने धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो.

आबा म्हणाले, “रक्त पातळ करायची गोळी मी चार वर्षं घेतोय.” ती होती ॲस्पिरिन. हा घोटाळा फार सर्रास होतो. ॲस्पिरिन हार्ट ॲटॅकच्या गुठळीवर काम करते, एएफच्या गुठळीवर तिचा जोर चालत नाही. २०११ साली एका चाचणीत वॉरफरिन न चालणाऱ्या एएफ रुग्णांत ॲस्पिरिन आणि एपिक्साबॅन यांची तुलना झाली. गुठळीने होणारे झटके ॲस्पिरिनवर वर्षाला शंभरात ३.७ होते, एपिक्साबॅनवर १.६. मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. आबांना हार्ट ॲटॅक किंवा स्टेंट असं काही नव्हतं. म्हणून क्रिएटिनिन बघून एपिक्साबॅन सुरू केली, ॲस्पिरिन बंद केली आणि नाडीचा वेग उतरवायला बीटा ब्लॉकर दिला. आठवड्याने त्यांनीच सांगितलं की जिना हलका झालाय. चार-सहा महिन्यांचा दम वयाचा नव्हता.

गोळी ठरवण्याआधी इको लागतो, आणि आपल्याकडे तो विशेष लागतो. लहानपणी घसा दुखून ताप, मग सांधे सुजणं, असा संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर हृदयाची झडप आखडते. अशा झडपेमुळे तिशी-चाळिशीतही एएफ होतो, बायकांत जास्त. ही झडप बरीच आखडलेली असेल तर गुण मोजत बसायचं नसतं, गोळी द्यायचीच असते, आणि तीही नवी नव्हे तर जुनी वॉरफरिनच्या जातीची. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातलेही रुग्ण होते, नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा या जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. तिच्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करून तो आकडा दोन ते तीनच्या मधे ठेवावा लागतो. कटकट आहे, पण इथे महागडी गोळी म्हणजे चांगली गोळी नव्हे.

हे सगळं घरी कसं ओळखायचं? पाच मिनिटं शांत बसा. एका हाताची तीन बोटं दुसऱ्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी ठेवा. अंगठ्याने बघू नका, त्याची स्वतःची नाडी फसवते. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्यात अनियमितपणा निसटतो. लय सरळ आहे, मधेच एखादी पोकळी येऊन पुन्हा सरळ होते, तर बहुधा जादा ठोका. मिनिटभरात कुठेच लय सापडत नाही, तर एएफचा संशय. नाडी सरळ पण दीडशेच्या पुढे, बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबते, तर तो तिसराच प्रकार, एसव्हीटी. त्यात धोका सहसा कमी, पण पट्टी हवीच. बोटांनी निदान पक्कं होत नाही. सारखे सारखे जादा ठोके पडले तर अनुभवी डॉक्टरही नाडीवर फसतो. म्हणून ईसीजी.

तो कुणी काढावा? माझं मत सांगतो. पहिल्यांदा धडधडीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाचा एकदा ईसीजी व्हावा, तरुण असला तरी. स्वस्त आहे, तालुक्याच्या गावी मिळतो, दुखत नाही. ठोका त्यात सापडला नाही तरी जुन्या ॲटॅकची खूण, जन्मजात जादा वायर, जाड झालेलं हृदय, लांबलेला क्यूटी अशा गोष्टी शांत पट्टीतही दिसतात. तो नॉर्मल आला, लक्षणं साधी असली, तर दर महिन्याला पुन्हा काढत बसू नये. पासष्टीच्या पुढे मात्र काही जाणवो न जाणवो, बीपी बघताना नाडी बघावी आणि ती अनियमित लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढावा. बीपीच्या मशीनवर ते हृदयाचं चित्र दोन-तीनदा आलं तरी हेच करावं. एएफमध्ये अशा मशीनचा बीपीचा आकडाही फसवा येऊ शकतो.

उशीर न करता हॉस्पिटल गाठायचं ते या वेळी: धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दाब आला, बसल्या जागी दम लागला, किंवा विश्रांतीतही नाडी १२०च्या वर जाऊन उतरेनाशी झाली. खेळताना किंवा पळताना शुद्ध गेलेल्या तरुणाला ‘उपाशी होता’ म्हणून घरी बसवू नये. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर ठोक्याचा विचार बाजूला ठेवून १०८ला फोन करा.

धडधड महिन्यातून एकदाच होत असेल तर चोवीस तासांचा होल्टर बहुधा कोराच येतो. त्यावर पैसे घालण्यापेक्षा रात्री-अपरात्री ईसीजी मिळेल असा जवळचा दवाखाना आधीच हेरून ठेवा आणि त्रास चालू असतानाच तिथे पोचा. जास्त दिवस चिकटवून ठेवायचे पॅचही मिळतात, सात-चौदा दिवसांचे. पट्टीवर बोट ठेवून तीस सेकंदांचा आलेख काढणारी घड्याळंही इथे कामाची आहेत. पण त्यांचा शब्द शेवटचा नाही. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या एका अभ्यासात चार लाख एकोणीस हजारांवर माणसं होती. त्यांतल्या अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीचा इशारा आला. त्यांतल्या ज्यांनी नंतर पॅच लावून परत पाठवला, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांमध्ये पॅचवर एएफ सापडला. एएफ येतो आणि जातो, म्हणून उरलेले सगळे खोटे इशारे असंही म्हणता येत नाही.

ईसीजीच्या माथ्यावर मशीनने छापलेलं इंग्रजी वाक्य वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. थरथरणाऱ्या हातामुळे मशीन एएफ म्हणतं, वारंवार एपीसी पडले तरी म्हणतं, आणि कधी खरा एएफ त्याच्या नजरेतून सुटतो. डॉक्टर दोन गोष्टी शोधतो. पट्टीवरच्या प्रत्येक उंच टोकाआधी एक लहान टेकडी असते, ती आहे का? एएफमध्ये तिच्या जागी नुसती लहरलेली रेघ असते. आणि टोकांमधली अंतरं सारखी आहेत का? हे तुम्हीही बघू शकता. कागदाच्या चिठ्ठीवर दोन टोकांच्या खुणा करा आणि चिठ्ठी पुढे सरकवा. सरळ लयीत खुणा टोकांवर बसत जातात. जादा ठोक्यापाशी एकदा चुकतात आणि पुढे पुन्हा बसतात. आबांच्या पट्टीवर त्या एकदाही बसल्या नाहीत.

त्रास सुरू कधी झाला, ती वेळ लिहून ठेवा. एएफ सुरू होऊन एक-दोन दिवस उलटले असतील, किंवा वेळच माहीत नसेल, तर विजेचा झटका देऊन लय सरळ करण्याआधी निदान तीन आठवडे गुठळीची गोळी द्यावी लागते, नाहीतर आत गुठळी नसल्याची खात्री अन्ननलिकेतून इको करून घ्यावी लागते. लय सरळ होताना साकळलेली गुठळी सुटू शकते म्हणून. ‘काल संध्याकाळी सातला, जेवायला बसताना’ एवढ्या एका वाक्याने पुढचा सगळा मार्ग बदलतो.

आणि त्रास चालू असताना काढलेली पट्टी जपा. ती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते. उन्हात, प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा लॅमिनेशनमध्ये ती काही महिन्यांत फिकी पडते, कधी कधी कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि तारीख-वेळ पेनाने लिहा. पुढच्या डॉक्टरला नव्या दहा नॉर्मल पट्ट्यांपेक्षा ती एक जुनी पट्टी जास्त उपयोगाची असते.